बेरीज शेहेचाळीस, हातात एक

*मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. सेन्सेक्सचे वर्षअखेरचे आकडे एक्सेलच्या तक्त्यात भरून ठेवायचा छंद लागलाय. २००७ च्या अखेरीला २०,२८६.९९, २००८ ला ९,६४७.३१, २००९ ला १७,४६४.८१ आणि २०१० ला २०,५०९.०९. दरवर्षाचे टक्के काढले: उणे ५२.४५, अधिक ८१.०३, अधिक १७.४३. बेरीज आली अधिक ४६.०१. पण सेन्सेक्स तर होता तिथेच, जेमतेम एक टक्का वर! तीनदा तपासलं. पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, लॉग रिटर्न घे, ते बेरजेत बसतात." लॉग म्हटलं की मला फक्त मुलाचं बारावीचं लॉग टेबल आठवतं. टक्के बेरजेत बसत नाहीत आणि लॉग बसतात, असं का? आणि तसं असेल तर सगळे टक्केच का सांगतात?*
— एक वाचक, मिरज

नमस्कार ताई,

बेरीज बरोबर आहे, चौथ्यांदा तपासू नका. गडबड आहे ती ज्यांची बेरीज केलीत त्या टक्क्यांत, आणि ती गडबड तुम्ही स्वतः वर्गात शेकडो वेळा पकडली असेल. एखाद्या पोराने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिली, तर तुम्ही काय म्हणायचात? "आधी छेद सारखे कर." इथेही तेच झालंय. टक्का दिसायला शंभर छेदाचा अपूर्णांक असतो, म्हणून सगळ्या टक्क्यांचा छेद सारखाच आहे असं वाटतं. पण त्या शंभरामागे खरा छेद लपलेला असतो, तो म्हणजे त्या वर्षाच्या सुरुवातीचा सेन्सेक्स. उणे ५२.४५ हे २०,२८७ चे टक्के आहेत. अधिक ८१.०३ हे ९,६४७ चे, म्हणजे निम्म्याहून कमी उरलेल्या रकमेचे. आणि १७.४३ हे १७,४६५ चे. तीन वेगवेगळ्या छेदांचे अंश तुम्ही सरळ एकमेकांत मिळवलेत.

छेद सारखे करून बघू. सेन्सेक्सच्या अंकांत मोजलं तर २००८ मध्ये सेन्सेक्स १०,६३९.६८ ने पडला, २००९ मध्ये ७,८१७.५० ने चढला आणि २०१० मध्ये ३,०४४.२८ ने. हे तिन्ही आकडे २०,२८६.९९ या एकाच छेदावर मांडले की उणे ५२.४५, अधिक ३८.५३ आणि अधिक १५.०१ मिळतात. यांची बेरीज १.०९. सेन्सेक्सही तेवढाच वर आहे. म्हणजे २००९ ची ती ८१ टक्क्यांची उडी, २००७ च्या अखेरीला पैसे घातलेल्या माणसाच्या दृष्टीने, साडेअडतीस टक्क्यांचीच होती. त्या वर्षी वर्तमानपत्रांत ८१ चा आकडा वाचून "मग माझे पैसे का भरून आले नाहीत?" असं विचारणारे बरेच जण मला भेटले होते. उत्तर या छेदात होतं.

मग हीच पद्धत कायम का वापरू नये? कारण ती सुरुवातीच्या तारखेला बांधलेली आहे. उद्या तुम्ही तक्ता २००५ पासून सुरू करायचं ठरवलंत, तर प्रत्येक वर्षाचा आकडा नव्या छेदाने पुन्हा काढावा लागेल. २००९ चा आकडा एका तक्त्यात ३८.५३ आणि दुसऱ्यात आणखी काहीतरी. आपल्याला असं माप हवं, की २००९ चा आकडा एकदा काढला की कुठल्याही तक्त्यात तोच राहील आणि तरीही बेरजेत बसेल. साधा टक्का यातली पहिली अट पाळतो, दुसरी नाही. सारख्या छेदाची पद्धत दुसरी पाळते, पहिली नाही. लॉग परतावा दोन्ही पाळतो.

लॉगकडे जाण्याआधी थोडं थांबू, कारण पैसे वाढतात कसे हे इथेच कळतं. पैसे गुणाकाराने वाढतात. २००७ च्या अखेरीचा एक रुपया २००८ च्या अखेरीला ०.४७५५४ रुपया झाला. मग त्याला १.८१०३ ने गुणलं गेलं, मग १.१७४३ ने. गुणाकार करा, १.०१०९ येईल, म्हणजे १.०९ टक्के. ही पद्धत कायम बरोबर असते. आता फक्त पहिली दोन वर्षं घ्या आणि बेरजेत नक्की काय निसटतं ते पाहा. बेरीज म्हणते, उणे ५२.४५ अधिक ८१.०३, म्हणजे अधिक २८.५८. प्रत्यक्षात सेन्सेक्स २०,२८७ वरून १७,४६५ वर, म्हणजे उणे १३.९१. फरक साडेबेचाळीस टक्क्यांचा. हे साडेबेचाळीस आले कुठून? ०.५२४५ गुणिले ०.८१०३ करून बघा, ०.४२५ येतं. दोन परताव्यांचा एकमेकांशी गुणाकार बेरजेत राहून गेला होता. शाळेतलं सूत्र तुम्हाला पाठच आहे:

```
(1 + a)(1 + b) = 1 + a + b + ab
```

आपण `a + b` घेतो आणि `ab` विसरतो. हे `ab` म्हणजे व्याजावरचं व्याज. दोन्ही वर्षं नफ्याची असली तर ते अधिक येतं आणि बेरीज खऱ्यापेक्षा कमी भरते. सलग १० आणि १० टक्के म्हणजे २१. एक वर्ष नफ्याचं आणि एक तोट्याचं असलं तर ते उणे येतं आणि बेरीज खऱ्यापेक्षा जास्त गुलाबी दिसते. दोन्ही वर्षं तोट्याची असली तर पुन्हा अधिक. सलग दोनदा १० टक्के पडल्यावर तोटा २० चा नाही, १९ चा होतो. आकडे लहान असले की `ab` नगण्य असतं. तुमच्या तक्त्यात ते सगळा हिशेबच उलटवतं, कारण २००८ आणि २००९ ही सेन्सेक्सच्या इतिहासातली फार टोकाची जोडी आहे. प्रश्न विचारायला तुम्ही नेमकी हीच वर्षं निवडलीत हे बरं केलंत.

आता मुलाचं लॉग टेबल. ते कशासाठी होतं? मोठे गुणाकार टाळण्यासाठी. दोन संख्या गुणायच्या असतील तर टेबलात दोघींचे लॉग पाहायचे, त्यांची बेरीज करायची आणि मग अँटिलॉग पाहून उत्तर काढायचं. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये ही युक्ती छापली, तेव्हा खगोलाची गणितं करणाऱ्यांचे कष्ट एकदम हलके झाले. गुणाकाराची बेरीज करणं हा लॉगचा जन्मापासूनचा धंदा आहे. पैसे गुणाकाराने वाढतात आणि आपल्याला बेरीज करायची आहे, तर आणखी काय हवं?

करून बघू. एक्सेलमध्ये नैसर्गिक लॉगसाठी `LN` आहे. सेन्सेक्सच्या प्रत्येक पातळीचा `LN` काढला तर २०,२८६.९९ चा ९.९१७७ येतो, ९,६४७.३१ चा ९.१७४४, १७,४६४.८१ चा ९.७६७९ आणि २०,५०९.०९ चा ९.९२८६. एका वर्षाचा लॉग परतावा म्हणजे त्या वर्षाच्या शेवटच्या लॉगमधून सुरुवातीचा लॉग वजा. २००८ साठी उणे ०.७४३३, २००९ साठी अधिक ०.५९३५, २०१० साठी अधिक ०.१६०७. यांची बेरीज ०.०१०९. आणि शेवटच्या लॉगमधून थेट पहिला वजा केला, ९.९२८६ उणे ९.९१७७, तरी ०.०१०९ च.

यात जादू काही नाही. लॉगने प्रत्येक पातळीला रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडासारखं करून टाकलं. पुणे ते सातारा आणि सातारा ते कराड ही अंतरं बिनदिक्कत मिळवता येतात, कारण दोन्ही एकाच रस्त्यावरच्या दगडांतली वजाबाकी असते. बेरीज करताना साताऱ्याचा दगड एकदा अधिक येतो, एकदा उणे येतो आणि उडून जातो. उरतात फक्त पुण्याचा आणि कराडचा. मधे साताऱ्याहून थोडं माघारी येऊन पुन्हा पुढे गेलात तरी हिशेब बिघडत नाही. तुमच्या तक्त्यात ९.१७४४ आणि ९.७६७९ हे मधले दगड असेच उडाले. टक्क्यांत हे होत नाही, कारण टक्का म्हणजे "मागच्या दगडापासून इथपर्यंतचं अंतर भागिले मागच्या दगडावरचा आकडा". प्रत्येक टप्प्याला भागणारा बदलतो, म्हणून मधलं काही उडत नाही.

शेवटी ०.०१०९ वरून नेहमीच्या टक्क्यांत यायला अँटिलॉग. एक्सेलमध्ये त्याचं नाव `EXP`. आणखी एक दशांश स्थळ धरून ०.०१०८९ चा `EXP` १.०१०९ येतो, त्यातून एक वजा केला की १.०९ टक्के. तुमचा सेन्सेक्स जेवढा वर आहे तेवढाच.

पण हे उणे ०.७४३३ नेमकं आहे काय? सेन्सेक्स ५२ टक्के पडला हे कळतं, "उणे चौऱ्याहत्तर" म्हणजे काय? बँकेच्या मुदत ठेवीतून हे समजतं. आपल्याकडे बँका ठेवीवर बहुधा तिमाही चक्रवाढ देतात. ७ टक्के दराने वर्षअखेरीला एकदाच व्याज मिळालं तर हातात ७ टक्के. तिमाही चक्रवाढीने ७.१९, मासिक चक्रवाढीने ७.२३, रोजच्या रोज जमा केलं तर ७.२५. मुदत तासावर आणली, मिनिटावर आणली, क्षणावर आणली तरी आकडा ७.२५ च्या आसपासच अडकून राहतो, फार पुढे जात नाही. क्षणाक्षणाला चक्रवाढ होत राहिली तर वर्षअखेरीला ७.२५ टक्के देणारा दर किती? ७ टक्के. १.०७२५ चा `LN` काढा, ०.०७ येईल. म्हणजे लॉग परतावा हा क्षणाक्षणाच्या चक्रवाढीचा दर आहे. पैसे सतत थोडेथोडे वाढताहेत किंवा आटताहेत असं धरलं, तर त्या वर्षभरातला एकूण दर. २००८ मध्ये पैसे ०.७४३३ या दराने क्षणाक्षणाला आटत गेले असते, तर वर्षअखेरीला रुपयाचे साडेसत्तेचाळीस पैसे उरले असते. `LN` मध्ये पाया १० ऐवजी २.७१८२८ हा विचित्र आकडा येतो तो या क्षणाक्षणाच्या चक्रवाढीमुळेच.

या मापाचा आणखी एक गुण तुम्हाला आवडेल. ५२.४५ टक्के पडल्यावर पूर्वीच्या जागी यायला किती टक्के चढावं लागतं? पुष्कळ जण पटकन "५२ टक्के" म्हणतात. उत्तर आहे ११०.२९ टक्के. लॉगच्या भाषेत उतार उणे ०.७४३३ आणि परत यायचा चढ अधिक ०.७४३३, जितका उतरलो तितकंच चढायचं. दुप्पट होणं म्हणजे अधिक ०.६९३१ आणि निम्मं होणं म्हणजे उणे ०.६९३१. टक्क्यांत मात्र एक "शंभर" आणि दुसरं "पन्नास". २००९ ला ०.५९३५ चढलो, म्हणजे ०.७४३३ मधले ०.१४९८ चढायचे राहिले. २०१० ने ०.१६०७ दिले, ती तूट भरली आणि वर ०.०१०९ उरले. तीन वर्षांची सगळी गोष्ट अशी एका ओळीत वाचता येते. टक्क्यांत ती मला आजवर कधी इतकी सरळ सांगता आलेली नाही.

तुमचा तक्ता असा करा. `A` स्तंभात वर्ष, `B` मध्ये वर्षअखेरचा सेन्सेक्स; २००७ दुसऱ्या ओळीत, २०१० पाचव्या ओळीत.

```
C3:  =LN(B3/B2)
     (हे C5 पर्यंत खाली ओढा)
C7:  =SUM(C3:C5)
C8:  =EXP(C7)-1
C9:  =B5/B2-1
C10: =EXP(AVERAGE(C3:C5))-1
```

`C8` आणि `C9` तंतोतंत जुळले पाहिजेत. न जुळल्यास वरचं काहीतरी चुकलंय. `C10` मध्ये ०.३६ टक्के दिसेल. ही तीन वर्षांतली खरी वार्षिक सरासरी वाढ, फंडांच्या पत्रकात जिला सीएजीआर म्हणतात ती. साध्या टक्क्यांची सरासरी, ४६.०१ भागिले ३, म्हणजे १५.३४. कुणी विक्रेता "या तीन वर्षांची सरासरी पंधरा टक्के" म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, अंकगणित करत असतो. त्याला फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा विचारा.

न जुळण्याची कारणं सहसा दोनच असतात. पहिलं म्हणजे `LN` ऐवजी `LOG` लिहिणं. एक्सेलमध्ये नुसता `LOG` दहाच्या पायाचा असतो, मुलाच्या टेबलासारखा. गंमत अशी की त्याचेही आकडे बेरजेत व्यवस्थित बसतात, त्यामुळे चूक लपून राहते. पण परत येताना `EXP` वापरला की घोटाळा होतो: १.०९ ऐवजी ०.४७ टक्के दिसेल. दुसरं म्हणजे टक्क्याचाच थेट लॉग काढणं. उणे ५२.४५ टक्क्यांचा `LN` मागितला तर एक्सेल `#NUM!` म्हणून हात वर करतं, कारण उणे संख्येला लॉग नसतो. पण ८१.०३ टक्क्यांचा मागितला तर ते बिनतक्रार उणे ०.२१ देतं, आणि नफ्याच्या वर्षापुढे उणे खूण बसते. टक्क्यांवरून लॉगकडे जायचं असेल तर आधी त्यात एक मिळवा: `=LN(1+0.8103)`.

तिसरी चूक शेअरच्या भावांत सापडते, निर्देशांकात नाही, आणि तिथे `C8` आणि `C9` जुळूनही उत्तर चुकतं. एखाद्या कंपनीचे रोजचे भाव भरून लॉग परतावे काढलेत आणि मधेच एका दिवशी उणे ०.६९ च्या आसपास काहीतरी दिसलं, तर घाबरू नका. बहुधा त्या दिवसापासून एकास एक बोनस लागू झालेला असतो. भाव निम्मा होतो, शेअर दुप्पट होतात, धारकाचं काही गेलेलं नसतं. रिलायन्सने २०१७ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये असा बोनस दिला होता. जुने भाव आधी निम्मे करून घ्या, मगच लॉग काढा. उणे ०.६९३१ हा आकडा ओळखीचा झाला की अशी जागा दुरूनच दिसते.

आता भाच्याने सांगितलं नसेल असं काही. लॉग परतावे काळाच्या दिशेने बेरजेत बसतात, गुंतवणुकींच्या दिशेने नाही. समजा, तुमच्याकडे एक लाख आहेत. पन्नास हजार एका शेअरमध्ये, पन्नास हजार दुसऱ्यात. वर्षभरात पहिला दुप्पट झाला, दुसरा निम्मा. हातात एक लाख आणि पंचवीस हजार, मिळून सव्वा लाख. नफा २५ टक्के. साध्या टक्क्यांनी हे चोख निघतं: अधिक १०० आणि उणे ५०, दोघांचा वाटा निम्मा-निम्मा, म्हणून ५० उणे २५, म्हणजे २५. लॉगने करायला जाल तर अधिक ०.६९३१ आणि उणे ०.६९३१, सरासरी शून्य. पंचवीस हजार नफा झालेल्या माणसाला तुम्ही "काही मिळालं नाही" सांगाल! सव्वापटीचा खरा लॉग ०.२२३१ आहे.

असं होतं कारण एका वेळच्या वेगवेगळ्या गुंतवणुकी एकमेकींत रुपयांनी मिळतात, गुणाकाराने नाही. तिथे सगळ्यांचा छेद एकच, वर्षाच्या सुरुवातीचे तुमचे एकूण पैसे. छेद सारखे असले की साधी बेरीज चालते, हे आपण वर पाहिलंच. तुमच्या तक्त्यात वर्षं एकाखाली एक आहेत. उद्या शेजारच्या स्तंभांत सोनं, मुदत ठेव, एखादा फंड आलाच, तर स्तंभात खाली उतरताना लॉग वापरा आणि ओळीत आडवं जाताना साधे टक्के. दोन्ही हवं असेल तर आधी प्रत्येक वर्षाच्या ओळीत साध्या टक्क्यांनी एकत्र परतावा काढायचा, त्यात एक मिळवून त्याचा लॉग घ्यायचा आणि मग खाली बेरीज करायची. हा क्रम उलटा केलेले तक्ते मी शिकल्यासवरल्या लोकांकडून आलेले पाहिले आहेत. आणि अशा तक्त्यात सगळ्या खोक्यांत व्यवस्थित आकडे दिसतात, `#NUM!` सुद्धा येत नाही, म्हणून ती चूक फार टिकते.

सगळे टक्केच का सांगतात, त्याचं पहिलं उत्तर हेच. माणसाचे पैसे रुपयांत असतात, कर रुपयांवर लागतो, पाच ठिकाणचे पैसे मिळवायचे तर रुपयांतच मिळतात, आणि टक्का रुपयांशी थेट बोलतो. लाखावर १७.४३ टक्के म्हणजे १७,४३० रुपये, हे कुणालाही कळतं. ०.१६०७ वरून कुणाला काय कळणार? म्हणून लॉग परतावा हे हिशेबाच्या खोलीतलं माप आहे. बेरीज, सरासरी, चढ-उतार किती हे सगळं तिथे त्यात करायचं आणि बाहेर येताना `EXP` ने टक्क्यांत यायचं. "२००८ मध्ये सेन्सेक्स ७४ टक्के पडला" असं चुकूनही कुणाला सांगू नका.

दुसरं उत्तर असं की रोजच्या व्यवहारात दोन्हींत फरकच जाणवत नाही. एखाद्या दिवशी बाजार एक टक्का चढला तर लॉग परतावा ०.९९५ टक्के. ढोबळमानाने साध्या परताव्यातून त्याच्या वर्गाचा अर्धा भाग वजा केला की लॉग परतावा मिळतो, आणि एक टक्क्याचा वर्ग म्हणजे काहीच नाही. असामान्य दिवशी मात्र फरक दिसतो. निवडणुकीच्या निकालानंतरच्या सोमवारी, १८ मे २००९ ला, सेन्सेक्स १७.३४ टक्के उसळला होता आणि व्यवहार थांबवावे लागले होते. त्या दिवसाचा लॉग परतावा १५.९९. आणि लहान फरकही साचतात. एखादा शेअर आज एक टक्का चढला, उद्या एक टक्का पडला, असं वर्षाचे अडीचशे दिवस चाललं तर टक्क्यांची बेरीज बरोबर शून्य येते. पण प्रत्येक जोडीला रुपयाचे ९९.९९ पैसे होतात, आणि अशा १२५ जोड्यांनंतर रुपयामागे सव्वा पैसा गेलेला असतो. रोजच्या लॉग परताव्यांची बेरीज हा सव्वा पैसा दाखवते, टक्क्यांची दाखवत नाही.

तुमच्या तक्त्यातल्या आकड्यांच्या दोन मर्यादाही सांगून ठेवतो. हा सेन्सेक्स नुसता भावांचा आहे, कंपन्यांनी वाटलेला लाभांश त्यात नाही. त्यामुळे २००७ अखेरीला खरोखर पैसे घातलेल्याला १.०९ पेक्षा थोडं जास्त मिळालं असणार. लाभांश धरून काढलेला टोटल रिटर्न निर्देशांक वेगळा असतो. `LN` चं गणित तिथेही हेच. आणि हे सगळं एकदाच पैसे घालून स्वस्थ बसलेल्या माणसाचं गणित आहे. दर महिन्याला एसआयपीने पैसे घालणाऱ्याचा परतावा यातून निघत नाही, कारण त्याचे सगळे पैसे पहिल्या दगडापासून निघालेले नसतात. काही सातारला गाडीत चढले, काही कराडला. २००९ च्या मार्चमधला हप्ता आणि २००७ च्या डिसेंबरमधला हप्ता यांना एकच ०.०१०९ लावता येत नाही. तिथे हप्त्यांच्या तारखा आणि रकमा भरून एक्सेलचं `XIRR` वापरायचं.

आता एक ओळ तुम्ही स्वतः वाढवा. २०११ च्या अखेरीला सेन्सेक्स १५,४५४.९२ वर होता. सहाव्या ओळीत तो भरा, सूत्र एक ओळ खाली ओढा आणि `C7` पासून खालच्या सूत्रांत जिथे जिथे `5` आहे तिथे `6` करा. `C6` मध्ये उणे ०.२८२९ यायला हवं, `C7` मध्ये उणे ०.२७२१, आणि `C8`, `C9` दोन्हींत उणे २३.८२ टक्के. वरच्या तीन वर्षांच्या लॉगना हात लावावा लागणार नाही.